ओली गोधडी

वाचक माउली,

चाळीस-पंचेचाळीस वर्षे वीणेच्या बाजूला उभा राहून मी दानधर्मावर पुष्कळ बोललो. अन्नदान, वस्त्रदान, ज्ञानदान असे सगळे दाखले दिले. समोरचे श्रोते माना डोलवीत. देणाऱ्याने काय करावे, कोणत्या भावाने द्यावे, हे ऐकायला माणसाला गोड वाटते, कारण ऐकताना प्रत्येक जण स्वतःला देणाऱ्याच्याच जागी बसवतो. घेणाऱ्याच्या जागी बसून कोणी कीर्तन ऐकत नाही. आता गळा थकला, उभे राहणे होत नाही, म्हणून बसल्या बसल्या त्या दुसऱ्या जागेचा विचार करतो. दिलेले घेताना माणूस लहान का होतो? पोट भरते, थंडी जाते, तरी त्याची मान खाली का जाते? आणि मान खाली न घालवता कोणाला काही देता येते का?

या प्रश्नाचे उत्तर मला पोथीच्या आधी एका गोधडीत सापडले. ती गोष्ट तुम्हांला सांगतो. त्यातील माणसे हयात आहेत, म्हणून नावे घेत नाही. नाशकातली आमची चार मजली इमारत. एका मजल्यावर चार, अशी सोळा घरे. लिफ्ट नाही. गच्चीला कुलूप. कपडे वाळत घालण्यावरून कधीकाळी भांडण झाले होते, तेव्हापासून किल्ली चिटणीसांच्या खिळ्याला. माणसे जिन्यात भेटत, पण एकमेकांना वाट देण्यापुरतीच.

तिसऱ्या मजल्यावर एक घड्याळजी राहतात. मेन रोडच्या एका गल्लीत त्यांचे लहानसे दुकान होते. चावीची घड्याळे गेली, दुकान गेले, आणि त्याच सुमारास पत्नीही गेली. मुलगा परदेशी. नऊ वर्षे त्यांचे दार बंदच. सकाळी दुधाची पिशवी आत जाई, संध्याकाळी केराची पिशवी बाहेर येई, एवढ्यावरून घरात माणूस आहे हे कळायचे. कोणी वाईट वागत नव्हते त्यांच्याशी. दिवाळीला फराळाचे ताट जायचे. ताट घासून, पुसून, दाराबाहेर ठेवलेले असायचे. रिकामे. आपल्याकडे रिकामे ताट परत करीत नाहीत, निदान चिमूटभर साखर घालून देतात. त्यांच्याकडून ते रिकामे येई आणि पुढच्या वर्षी ताट देणारी घरे एकाने कमी होत.

तळमजल्यावर अकोले तालुक्यातून एक आजी लेकाकडे राहायला आल्या. डोंगरातल्या गावच्या, सत्तरी ओलांडलेल्या. पौषाची थंडी. नाशकात पौषात पहाटे हाडे वाजतात. रात्री तिसऱ्या मजल्यावरचा खोकला जिन्यातून खाली उतरे आणि आजींच्या दारापाशी थांबे. चार रात्री त्यांनी ऐकला. पाचव्या दिवशी त्या घराघरांत फिरू लागल्या. हातात काही नव्हते. त्या मागायला निघाल्या होत्या.

आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “बुवा, गोधडी शिवायचीय. एखादं जुनेर द्या. सुती पाहिजे.”

माझ्या पत्नीने कपाटातून एक न वापरलेला कापडाचा तुकडा काढला, कोरा, घडीचा. आजींनी तो हातात घेतला, बोटांनी चोळला आणि परत दिला. “कोरं नको बाई. अंगाला लागल्यालं दे.”

मला हे भावनेचे बोलणे वाटले. पुढे त्यांच्याजवळ बसून पाहिले तेव्हा कळले की हा त्यांच्या विद्येचा नियम आहे. कोऱ्या कापडाला खळ असते. ते पहिल्या धुण्यात आटते. बाकीची कापडे शंभर वेळा धुतलेली, ती आटायची तेवढी आटून चुकलेली. मग कोरे आखडते, जुने तसेच राहते, आणि सारी गोधडी मध्येच चुणून येते. शिवाय कोरे कापड ताठ आणि दमदार. टाक्याला ताण आला की ते फाटत नाही, शेजारचे मऊ जुने फाटते. नायलॉन, टेरिकॉट त्यांनी याच कारणाने नाकारले. ते सुतावर ठरत नाही, घसरते, आणि घाम पीत नाही. म्हणजे गोधडीत सगळी कापडे सारख्या रंगाची नसली तरी चालतात, सारखी झिजलेली मात्र असावी लागतात.

मी कीर्तनाला नेसायचो त्यातले एक धोतर दिले. सोळा घरांतले एक कुलूपबंद, एक घड्याळजींचे. राहिली चौदा. त्यांतल्या एका घराने दारातूनच नाही म्हटले. तेरा घरांतून कापड निघाले, त्यात आजींचे स्वतःचेही. कोणाचा शाळेतला सदरा, कोणाची बाळंतपणातली मऊ साडी, एकाच्या वडिलांचा बंडीचा तुकडा.

आता गोधडी कशी होते ते थोडे सांगायला हवे, नाहीतर पुढची गोष्ट समजणार नाही.

आजींनी माप धरले ते पाच फूट रुंद, साडेसात फूट लांब. साडीचा पन्हा साधारण पावणेचार फूट असतो. पाच फुटांचे दोन तुकडे पन्ह्याच्या काठाने एकमेकांना जोडले की एक थर होतो. पाचवारीतून असे तीन तुकडे निघतात, नऊवारीतून पाच. आजींचे एक नऊवारी लुगडे आणि दोन घरांच्या दोन पाचवारी साड्या मिळून अकरा तुकडे झाले. दहांचे पाच थर झाले, अकरावा कडेच्या गोटाला राहिला. त्या पाच थरांवर सहावा, वरचा थर, तेरा घरांच्या ठिगळांचा.

थर पसरताना दोघे लागतात. जमिनीवर एकावर एक टाकायचे, दोन्ही टोकांनी ताणायचे, हाताने मधून कडेकडे निपटत न्यायचे. एखादी सुरकुती खाली राहिली तर ती शिवणीत अडकते आणि मग जन्मभर पाठीला टोचते. ती पुढे निघत नाही, सारे उसवावे लागते. म्हणून आधी मोठे मोठे कच्चे टाके घालून सगळे थर बांधून ठेवतात. त्यानंतर खरी शिवण, धावदोऱ्याची. कडेने सुरुवात करून चौकोनी फेरे घेत आत आत यायचे. दोन ओळींत बोटभर अंतर.

हे अंतर बोटभरच का, असे मी विचारले. आजी म्हणाल्या, “लई जवळ शिवलं तर गोधडी पत्र्यावानी व्हती, ऊब राहत नाय. लई लांब शिवलं तर धुताना आतली कापडं गोळा व्हत्यात.” माउली, ऊब कापडात नसतेच. दोन कापडांच्या मध्ये जी हवा हलू न देता धरलेली असते, तिच्यात ऊब असते. टाक्याने कापडे एकमेकांपासून सुटता कामा नयेत, आणि एकमेकांवर दाबलीही जाता कामा नयेत. मी संसारावर, शेजारधर्मावर इतके बोललो, पण हे बोटभर अंतर मला कधी इतक्या नेमकेपणाने सांगता आले नव्हते.

वरच्या थराची ठिगळे जोडली गेली. कच्चे टाके पडले. पण मध्यभागी हातभर चौक आजींनी मोकळा ठेवला होता. तिथून खालचे लुगडे दिसत होते. ती तशीच अर्धी गोधडी नातीच्या डोक्यावर देऊन आजी तीन जिने चढल्या. मी मागोमाग गेलो, खरे सांगायचे तर काय होते ते पाहायला.

दार थोडे उघडले. घड्याळजींनी गोधडी पाहिली आणि काय ते ओळखले. “मला नको. माझ्याकडे ब्लँकेट आहे,” म्हणाले. आवाज कडक होता. नऊ वर्षे दयेची ताटे घेतलेल्या माणसाचा आवाज.

आजी म्हणाल्या, “मी द्याया नाय आले भाऊ. मागाया आलेय. समद्या घरचं कापड लागलं, तुमच्या घरचं राहिलं. मधली जागा तुमची हाये.”

दार बंद झाले. आजी जिन्यावर क्षणभर बसल्या, श्वास घेतला, आणि गोधडी घेऊन खाली आल्या. नात म्हणाली, “आजी, मध्ये आपलंच काहीतरी लाव ना.” त्यांनी मान हलवली. चार दिवस गोधडी तशीच पडून राहिली. थंडी चालू होती, खोकला चालू होता, आणि गोधडी तळमजल्यावर तशीच. लोक बोलू लागले की म्हातारीचा हट्ट आहे, द्यायची तर देऊन टाक, कापडाचे काय घेऊन बसलीस. मलाही क्षणभर तसे वाटून गेले. पण देऊन टाकणे आणि देणे यांत फरक आहे. देऊन टाकले की आपण सुटतो. तो माणूस तिथेच राहतो.

पाचव्या दिवशी दुपारी घड्याळजी खाली उतरले. हातात एका सुती साडीचा पदर होता, हिरवा, डांबरगोळ्यांचा वास असलेला. पत्नीची साडी. पेटीतून काढून तेवढाच पदर त्यांनी कापून आणला होता. आजींनी तो कपाळाला लावला आणि चौकावर ठेवला. दोघेही काही बोलले नाहीत.

मग एक लहानशी गोष्ट घडली, आणि माझ्या मते सारे तिथे बदलले. आजी सुईत दोरा ओवायला बसल्या. दोऱ्याचे टोक ओठांनी ओले करायच्या, नेढ्याजवळ न्यायच्या, चुकायचे. पुन्हा. एका सुईला पाच-पाच मिनिटे. अशा गोधडीत धावदोऱ्याच्या ओळींची एकूण लांबी पावणेदोनशे मीटरच्या घरात जाते. दोरा फार लांब घेतला तर गुंततो, म्हणून एका वेळी मीटर-सव्वा मीटरच घ्यायचा. म्हणजे दीडशेहून जास्त वेळा सुई ओवायची. पाच मिनिटे एकीला धरली तर बारा तासांहून अधिक वेळ नुसता नेढ्याशी झगडण्यात जातो.

घड्याळजी उभ्या उभ्या ते पाहत होते. ज्यांनी आयुष्यभर केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने बसवल्या त्यांना ते पाहवेना. “द्या इकडे,” म्हणाले. एका दमात दोरा आरपार. दुसरी सुई घेतली, तिसरी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपली डोळ्याला लावायची भिंग घेऊन आले. त्यानंतर रोज सकाळी वीस सुया ओवून, एका फडक्यात ओळीने टोचून ते ठेवून जात. आजी दिवसभर त्या वापरत. बाराव्या-तेराव्या दिवशी गोधडी पुरी झाली आणि ती देण्याचा असा काही समारंभ उरलाच नाही. ज्याने सुया ओवल्या तोच ती खांद्यावर टाकून वर गेला.

आता शास्त्राकडे येऊ. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. जे परत फेड करू शकत नाही अशाला, योग्य स्थळी, योग्य वेळी, पात्र पाहून, द्यायला हवे म्हणून दिलेले ते सात्त्विक. परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने, जिवावर येऊन दिलेले ते राजस. आदर न ठेवता, तुच्छतेने दिलेले ते तामस. मग कोणी चिकित्सक वाचक मला विचारील, “बुवा, आजींनी तर आधी कापड मागितले, मग सुया ओवून घेतल्या. परतफेड घेऊनच गोधडी दिली. हे दान राजसच झाले की!”

प्रश्न खरा आहे, टाळण्यासारखा नाही. मी त्यावर बरेच दिवस घोटाळलो. उत्तर असे दिसते. गीता तिथे देणाऱ्याच्या मनाविषयी बोलते. देणाऱ्याच्या मनात परत मिळण्याची इच्छा नसावी. पण घेणाऱ्याला परत देण्याची वाटच नसावी, असे तिथे म्हटलेले नाही. या दोन गोष्टी आपण एक करून टाकतो. मला काही नको, असे म्हणण्याच्या भरात, तुझ्याजवळ मला देण्यासारखे काही नाही, असे आपण समोरच्याला सुचवतो. पहिल्या वाक्यात आपला निःस्वार्थीपणा आहे, दुसऱ्यात त्याचा अपमान. आणि ऐकणाऱ्याला नेमके दुसरेच वाक्य ऐकू येते. दिवाळीच्या ताटातून घड्याळजींना नऊ वर्षे तेच ऐकू येत होते, म्हणून ताट रिकामे परत येई. चिमूटभर साखर घालायची तर आपण बरोबरीचे आहोत असे वाटावे लागते.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरू शिष्याला निरोप देताना कसे द्यावे ते सांगतात. श्रद्धेने द्यावे, आणि त्याबरोबर लाजून द्यावे, असेही सांगतात. देताना लाज कशाची? मी तरुणपणी अर्थ सांगायचो की आपण दिले ते थोडेच आहे याची लाज. तो अर्थ आहेच. पण आजींना पाहून दुसरा अर्थही ध्यानात आला. देणारा उभा असतो आणि घेणाऱ्याचा हात पुढे आलेला असतो. ही जी उंच-सखल जागा तयार होते, तिची लाज देणाऱ्याला वाटली पाहिजे. ती वाटली की मग तो ती जागा सपाट करण्याचा काहीतरी मार्ग काढतो. आजींनी काढलेला मार्ग म्हणजे आधी आपणच हात पसरायचा. बारा दारांत त्यांनी हात पसरला, तेराव्यात नकार घेतला, आणि चौदाव्या दारातही त्या मागायलाच उभ्या राहिल्या.

आपल्या परंपरेत गोधडीची एक कथा आहे. महिपतीबुवांच्या ‘भक्तविजया’मुळे ती घरोघरी पोचली. विठ्ठल जनाबाईच्या खोपटात आला आणि पहाटे काकड्याची वेळ झाली म्हणून घाईने निघाला. जाताना आपले पदक तिथेच विसरला आणि जनीची वाकळ पांघरून राऊळात गेला. पुजाऱ्यांनी पाहिले तर देवाच्या अंगावर फाटकी वाकळ आणि गळ्यातले पदक नाही. पुढे जनीवर चोरीचा आळ आला, तो भाग तुम्हांला ठाऊक आहे. कीर्तनात आम्ही त्या आळावर आणि सुळावर जास्त वेळ देतो, कारण तिथे रस चढतो. पण कथेचे मर्म मला आज त्या घाईत दिसते. देव जनीकडे नुसता देणारा म्हणून राहिला असता तर ती जन्मभर उपकाराखाली राहिली असती. त्याने तिची वाकळ अंगावर घेतली. ज्या घरातून आपण काही पांघरून निघालो, त्या घराला मग कोणी भिकारी म्हणू शकत नाही.

हे सगळे झाले, तरी एका गोधडीने इमारत कशी बदलेल? बदलली ती थंडीत नाही, उन्हाळ्यात.

चैत्र लागला, गोधडी धुवायची वेळ आली. सहा थरांची सुती गोधडी कोरडी अडीच-तीन किलोची असते. भिजली की पाणी पिऊन दुपटीहून जड होते. ती बादलीत मावत नाही, यंत्रात फिरत नाही, आणि मुख्य म्हणजे ओली गोधडी एकट्याने पिळता येत नाही. एकाने एक टोक धरायचे, दुसऱ्याने दुसरे, आणि उलट्या दिशांना पीळ द्यायचा. न पिळता टाकली तर आतल्या थरांत पाणी राहते, वरून वाळलेली वाटते आणि चार दिवसांत आत बुरशीचा वास धरतो. ब्लँकेट असते तर घड्याळजींनी ते लाँड्रीत दिले असते आणि कोणाला कळलेही नसते.

त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे दार उघडले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या घरातून हाक आली. समोरच्या घरातल्या कॉलेजच्या मुलाला ते म्हणाले, “जरा पिळायला येतोस का?” मुलगा आला. मोरीत दोघांनी पीळ दिला, दोघेही भिजले. आता वाळवायची कुठे? एवढे वजन खिडकीच्या दोरीला पेलत नाही. गच्चीच हवी. मुलगा किल्ली मागायला चिटणीसांकडे गेला. चिटणीसांच्या पत्नीची एक पाचवारी त्या गोधडीच्या आत होती, त्यांनी किल्ली आपणच आणून दिली.

गोधडी कठड्यावर पसरली आणि माणसे वर येऊ लागली. कोणी हवा खायला आले, कोणी बघायला. एक मुलगी ओरडली, “हा माझा पहिलीचा ड्रेस!” कोणी आपल्या वडिलांची बंडी ओळखली. माझे धोतर मी ओळखले. दोन बायका एका ठिगळावरून वाद घालू लागल्या की हे तुझ्याकडचे की माझ्याकडचे, आणि बोलता बोलता खाली बसल्या. मधल्या हिरव्या पदराकडे बोट दाखवून एका लहान मुलाने घड्याळजींना विचारले, “हा कोणाचा?” ते म्हणाले, “आमच्या घरातला.” एवढेच.

किल्ली त्या दिवसापासून गच्चीच्या दाराशेजारच्या खिळ्यावर आहे. पुढच्या थंडीपर्यंत इमारतीत आणखी सात गोधड्या झाल्या. कापड घराघरांतून आले, थर निपटायला जो असेल तो, आणि सुया ओवायला घड्याळजी. त्यांचे दार दिवसा लोटलेले असते, कडी नसते. मुले बंद पडलेली खेळणी आणतात. फराळाचे ताट आता जाते तेव्हा परत येताना त्यात काही ना काही असते, कधी चार बोरे, कधी गुळाचा खडा.

याहून जास्त सांगितले तर खोटे होईल. त्यांचा मुलगा अजून आलेला नाही. पाण्याच्या टाकीवरून दोन घरांचे वैर आहे ते आहेच. कापड नाकारणारे घर अजूनही दारातूनच बोलते. गोधडीने फक्त एवढे केले की या इमारतीत मागणे लाजिरवाणे राहिले नाही. पण जिथे मागता येते तिथेच माणसे एकमेकांच्या दारात जातात.

उलट बाजूही पाहा. गोधडीची ही हवा पाहून दुसऱ्या वर्षी आमच्या समितीने रात्रीच्या राखणदाराला ब्लँकेट द्यायचे ठरवले. हेतू चांगला. वर्गणी काढली, नवे जाड ब्लँकेट आणले, सगळ्यांना खाली बोलावून, टाळ्या वाजवून, फोटो काढून दिले. राखणदार हसला, हात जोडून चारदा आभार मानले. सारी थंडी तो आपल्या जुन्या शालीतच बसला. ब्लँकेट प्लास्टिकच्या पिशवीसकट त्याच्या केबिनच्या फळीवर होते. वर्षअखेर तो नोकरी सोडून गेला तेव्हाही ते तिथेच राहिले. त्याच्याकडे कोणी काही मागितले नव्हते. त्याच्या गावाकडची घोंगडी कशी असते हेही कोणी विचारले नव्हते.

यावरून एक खूण सांगतो. आपण दिलेले समोरच्याने वापरले की जपून ठेवले, ते पाहावे. वापरले, मळवले, फाडले, तर ते त्याचे झाले. घडीत ठेवले तर ते अजून आपलेच आहे, त्याच्याकडे नुसते सांभाळायला दिले आहे. दुसरी खूण आभारांची. फार वेळा आभार मानणारा माणूस बहुधा त्या ओझ्याखालून निघायची वाट शोधत असतो. आणि तिसरी खूण वाटेची. तो आपल्याला पाहून थांबतो की जिना बदलतो, यावर आपल्या दानाचा खरा हिशेब लिहिलेला असतो.

गोधडीचे आयुष्य फार नसते. वापरात राहिली तर काही वर्षांत वरचे थर विरतात, टाके सुटतात. तेव्हा ती टाकत नाहीत. तीच आत घालून वरखाली नवे जुनेर लावतात आणि पुन्हा शिवतात. जुनी गोधडी नव्या गोधडीचा गाभा होते. घड्याळजींच्या गोधडीचा हिरवा पदर आता विरत आला आहे. परवा त्यांनी आजींना विचारले की यावर नवा थर कधी घालायचा. आजी म्हणाल्या, “आधी कापड गोळा करा की. ह्या बारीला तुमी फिरा दारोदार.”

आणि माउली, ते फिरत आहेत. काल संध्याकाळी ते आमच्या दारात उभे होते. हात पुढे होता, आणि मान ताठ होती.

रामकृष्ण हरी.